उपमा नको, भागाकार करा

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या सभेत गेल्या उन्हाळ्यात एका स्लाइडवरून भांडण झालं आणि पुढे ते महिनाभर लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी चालूच राहिलं. विषय होता पाणी. पाणी जपून वापरा हे सांगायला समितीने पाच-सहा स्लाइड्स करायचं ठरवलं होतं आणि पहिल्याच स्लाइडवर नवी मुंबईला पाणी पुरवणाऱ्या मोरबे धरणाची क्षमता द्यायची होती : १९०.८९ दशलक्ष घनमीटर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमच्या विंगमधले काका म्हणाले, हा आकडा आहे तसाच लिहा, लोक काही कुक्कुली बाळं नाहीत. जाहिरातीच्या क्षेत्रात असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताईने तोपर्यंत स्लाइड तयारही केली होती. निळ्याशार पाण्याचा फोटो आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘७६,३५६ ऑलिम्पिक जलतरण तलाव!’ काकांनी ती पाहून कपाळाला हात लावला. मग दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, तुलना म्हणजे पोरखेळ. दुसऱ्याचं म्हणणं, तुलनेशिवाय आकडा म्हणजे झोपेची गोळी.

मी महापेतल्या एका कार्यालयात दिवसभर हेच करते. लोकांच्या स्लाइड्सवरचे आकडे दुरुस्त करते. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते : दोन्ही तट चुकीच्या गोष्टीवर भांडत होते. मोठ्या आकड्याची तुलना ही भाषेतली उपमा आहे असं दोघांनीही गृहीत धरलं होतं. एकाला ती उपमा आवडत नव्हती, दुसरीला आवडत होती. खरं तर चांगली तुलना हा एक भागाकार असतो. मोठी संख्या भाज्य. भाजक कोणता घ्यायचा एवढाच प्रश्न. भाजक बरोबर निवडला की आकडा आपोआप माणसाच्या हाताला लागतो, चुकीचा निवडला की कितीही सुंदर फोटो लावा, ती वडाची साल पिंपळाला लावल्यासारखीच होते.

काकांच्या बाजूने जे बोलता येईल ते आधी बोलू, कारण त्यांची बाजू लेचीपेची नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की ‘आहे तसा आकडा’ हाच प्रामाणिक. पण आहे तसा म्हणजे कसा? मोरबेचा तोच साठा दशलक्ष घनमीटरमध्ये १९०.८९ होतो, टीएमसीमध्ये सुमारे ६.७४ होतो आणि लिटरमध्ये सांगायचा तर १९ हजार ८९ कोटी लिटर. कोयनेचं १०५ टीएमसी ऐकून वाढलेल्या साताऱ्याकडच्या माणसाला ६.७४ म्हणजे डबकं वाटेल. कोटी लिटर ऐकून नेरूळच्या माणसाला वाटेल, एवढं पाणी आपण सात जन्मांत संपवणार नाही. तिन्ही आकडे खरे, तिन्ही ‘आहे तसे’, आणि तिन्ही ऐकणाऱ्याच्या मनात वेगवेगळं धरण उभं करतात. एकक निवडलं की तुलना सुरू झालीच. काका ती करत नव्हते असं नाही, त्यांच्या खात्याने ती पन्नास वर्षांपूर्वी करून ठेवली होती इतकंच. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एवढं पाणी सुमारे २३ हजार एकरांवर फूटभर उंचीने पसरेल. ज्याला रब्बीच्या पाळ्या ठरवायच्या आहेत त्याच्यासाठी हे एकक झकास आहे. नेरूळच्या सदनिकेत एकर कुठून आणायचा?

मोठे आकडे लोकांना ‘कळतात’, फक्त त्यांचं लक्ष नसतं, असाही एक समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेतल्या लँडी, सिल्बर्ट आणि गोल्डिन या संशोधकांनी २०१३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका रेघेच्या डाव्या टोकाला हजार, उजव्या टोकाला त्यांचं बिलियन, म्हणजे आपले शंभर कोटी. या रेघेवर दहा लाख कुठे येतील ते दाखवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. बऱ्याच जणांनी खूण जवळजवळ मधोमध केली. मीही हा प्रयोग आमच्या सभेच्या पडद्यावर केला. लेझरचा लाल ठिपका हातात दिला की माणसं मोठ्या आत्मविश्वासाने मध्यभागी थांबतात. आमच्याकडे एक चार्टर्ड अकाउंटंटही तिथेच थांबले. रेघ एक मीटर लांब असेल तर दहा लाखाची जागा डाव्या टोकापासून फक्त एक मिलिमीटरवर असते. उरलेली सगळी रेघ त्याच्या पुढची. हजार, लाख, कोटी, अब्ज ही नावं आपल्या डोक्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखी, सारख्या अंतरावर बसलेली असतात, म्हणून असं होतं. नावं कमी पडतात म्हणून नव्हे. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. साडेआठशे वर्षांहून जास्त काळ नावं आपल्याकडे पडून आहेत, तरी दहा लाखाची खूण चुकतेच. नाव ठाऊक असणं वेगळं आणि आकार ठाऊक असणं वेगळं.

आता ताईची बाजू. तिचं निदान तरी बरोबर होतं : १९०.८९ हा आकडा कोणालाच काही सांगत नाही. औषध मात्र चुकलं. मी सभेत विचारलं की ऑलिम्पिकच्या मापाचा तलाव कोणी पाहिलाय? पन्नासेक माणसांत दोन हात वर आले. पाहिलेला नसला तरी हरकत नाही म्हणू, पण ७६ हजार तलाव तरी डोळ्यांपुढे येतात का? एक अगम्य संख्या काढून तिच्या जागी दुसरी अगम्य संख्या बसवली आणि वर परदेशी एककाचा मुलामा दिला. नोटांची चळत चंद्रापर्यंत जाईल ही जी तऱ्हा आहे, तिचं दुखणं हेच. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे हे ज्याला जाणवतं, त्याला मूळ आकडाही जाणवलाच असता. आणि ते शेवटचे ५६! एका तलावाची खोली दोन मीटर धरून हा आकडा आला. अडीच मीटर धरली तर पंधरा हजार तलाव गायब होतात. भाजकच अंदाजाचा असताना उत्तरात शेवटचा तलावही मोजून दाखवायचा, याला अचूकपणा म्हणत नाहीत.

अटल सेतूच्या वेळी आपण सगळ्यांनी ही गंमत पाहिली. सुमारे १ लाख ७८ हजार टन पोलाद लागलं, म्हणजे इतके इतके एफिल टॉवर, असे संदेश फिरत होते. एफिल टॉवरचं एकूण वजन सुमारे १०,१०० टन धरलं तर उत्तर साडेसतरा येतं. नुसत्या लोखंडी सांगाड्याचं ७,३०० टन धरलं तर चोवीस. कोणतं खरं? प्रश्नच चुकीचा आहे, कारण सतरा काय आणि चोवीस काय, उलव्याहून शिवडीला जाणाऱ्या माणसाला दोन्हींचा अर्थ ‘खूप’ एवढाच. तोच आकडा पुलाच्या लांबीने भागून पाहा. पूल सुमारे २१.८ किलोमीटर, म्हणजे २१,८०० मीटर. उत्तर येतं मीटरला साधारण आठ टन. एक लांब ढांग टाकली की पायाखाली आठ टन पोलाद. आता या आकड्याला प्रश्न विचारता येतो. दुसऱ्या खाडीपुलाला मीटरमागे किती लागलं? जास्त का, कमी का? भागाकारातून असा पुढचा प्रश्न निघतो. एफिल टॉवरमधून फक्त टाळी निघते.

मोरबेकडे परत येते, कारण आमची स्लाइड शेवटी कशी झाली ते सांगायचं आहे. भाजक निवडण्याआधी मी समितीला एकच विचारलं : ही स्लाइड पाहून लोकांनी काय ठरवायचं आहे? धरण मोठं आहे याचं कौतुक करायचं नव्हतं. पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल का, आणि आपण आपल्या वाट्यापेक्षा जास्त वापरतो का, हे दोन प्रश्न होते. पहिल्या प्रश्नाचा भाजक दिवस, दुसऱ्याचा माणूस. म्हणजे दोन स्लाइड्स.

पहिला भागाकार. भोकरपाडा शुद्धीकरण केंद्राची क्षमता रोज ४५० दशलक्ष लिटरची आहे. तेवढं पाणी रोज उचललं असं धरलं. आता दोन्ही बाजूंचं एकक सारखं करायचं. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणून १९०.८९ दशलक्ष घनमीटर म्हणजे १ लाख ९० हजार ८९० दशलक्ष लिटर. भागिले ४५०. उत्तर ४२४ दिवस.

इथे जी चूक होते ती मी दर वर्षी पाहते. हजाराने गुणायचं विसरलं तर उत्तर ०.४२ दिवस येतं, म्हणजे धरण दहा तासांत रिकामं. ती चूक कोणाच्याही लक्षात येते. लपून राहते ती दशलक्षची चूक. घाईत ‘दशलक्ष’मधला ‘दश’ गळतो, ४५० दशलक्षचे ४५० लक्ष होतात आणि धरण ४,२४२ दिवस, म्हणजे साडेअकरा वर्षं पुरतं. आमच्या पहिल्या मसुद्यात हीच चूक होती आणि तीन जणांनी ती वाचून मान डोलावली होती. कळलं कसं? दुसऱ्या वाटेने जाऊन. ४५० लक्ष लिटर शहराच्या लोकसंख्येने भागले. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सव्वाअकरा लाखांच्या आसपास होती. उत्तर आलं माणशी रोज ४० लिटर. दोन बादल्या. वॉशिंग मशीन एकदा लावलं तरी याहून जास्त पाणी जातं, तेव्हा कुठेतरी घोळ आहे हे तिथेच कळलं. साडेअकरा वर्षं खरी की खोटी हे कोणालाच जाणवत नव्हतं. दोन बादल्यांचा खोटेपणा सगळ्यांना जाणवला.

तुलनेने अचूकपणा जातो असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे. आपण रोज हाताळतो त्या मापात आकडा आणला की त्यातली चूक ओरडून सांगते. २०१६मध्ये बॅरिओ, गोल्डस्टीन आणि हॉफमन यांनी बातम्यांतल्या आकड्यांवर केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं. आकड्यासोबत ओळखीच्या मापातलं एक वाक्य दिलं की लोकांना आकडा जास्त लक्षात राहिला, न पाहिलेल्या आकड्याचा अंदाज बरा बांधता आला आणि मुद्दाम बिघडवलेला आकडा ओळखताही आला. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

बरं, ४२४ दिवस आले. ते तसेच लिहायचे का? ‘सुमारे चौदा महिने’ असं लिहावं असं सगळ्यांचं मत पडलं आणि इथे मात्र काकांनी पाय रोवला. त्यांचं बरोबर होतं. चौदा महिने वाचून माणूस निर्धास्त होतो. पण धरणातलं सगळं पाणी उचलता येत नाही. तळाचा मृतसाठा तळालाच राहतो. मे महिन्याच्या उन्हात पृष्ठभागावरून पाणी उडून जातं. वाटेत गळतं. आणि धरण दर वर्षी काठोकाठ भरतंच असं नाही. शिवाय चौदा महिने कधीपासून मोजायचे? आपलं पाण्याचं वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, ते पाऊस थांबला की सुरू होतं.

मग आम्ही दिवस पुसून तारीख लिहिली. एक ऑक्टोबरला धरण किती भरलंय ते पाहायचं आणि कागदावरच्या हिशेबाने पाणी कोणत्या तारखेला संपतं ते काढायचं. सत्तर टक्के भरलं असेल तर २९७ दिवस, म्हणजे २४ जुलै. अर्धं भरलं असेल तर २१२ दिवस, आणि २१२वा दिवस येतो ३० एप्रिलला. ही शेवटची ओळ पडद्यावर आली तेव्हा सभेत पहिल्यांदा चुळबुळ थांबली. अर्धं धरण ऐकून कोणाला काही वाटत नव्हतं. अर्धा पेला भरलेला वगैरे. ‘३० एप्रिल’ म्हटल्यावर सगळ्यांना पुढचा मे महिना दिसला. शाळांच्या सुट्ट्या, गावाहून येणारे पाहुणे, लग्नघरं, आणि कोरडा नळ. स्लाइडवर काढलं काय होतं? ऑक्टोबर ते जून अशा नऊ चौकटी आणि त्यावर एक निळी पट्टी, जी एप्रिलपाशी संपते. धरणाचा फोटो नाही, थेंबाचं चित्र नाही. (थेंबाच्या चित्रांविषयी एक कुरकूर इथेच करून घेते. दुप्पट पाणी दाखवायला लोक थेंब दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढतात. डोळ्याला तो चौपट दिसतो. पट्टी फक्त लांबीने वाढवा, खोटं बोलायची सोय राहत नाही.)

मुंबईच्या सात तलावांचं पाणी छापताना वर्तमानपत्रं पावसाळाभर १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर हा आकडा देतात. तो कोणाला पाठ आहे? पण ‘तलाव साठ टक्के’ हे सगळे बोलतात आणि ‘अमुक दिवस पुरेल’ ही ओळ सगळे शोधतात. टक्का हाही भागाकारच. जे तुलनेला पोरखेळ म्हणतात, तेही सकाळी पेपर उघडून आधी टक्काच वाचतात.

आता विरोधातला सगळ्यांत भारी मुद्दा, आणि तो मी सहज उडवून लावू शकत नाही. भाजक निवडणाऱ्याच्या हातात फार मोठी ताकद असते. समजा एक हजार कोटींचा प्रकल्प आहे. सव्वाअकरा लाख लोकांत वाटला तर माणशी ८,९०० रुपयांच्या आसपास. चौघांच्या घराला ३५ हजार. ऐकून डोळे पांढरे होतात. तोच खर्च पाच वर्षांच्या दिवसांत वाटला तर माणशी रोज पाच रुपयेही नाहीत, कटिंग चहासुद्धा येणार नाही त्यात. विरोधक पहिली स्लाइड दाखवेल, कंत्राटदार दुसरी. दोघांचंही गणित चोख. मग तुलना म्हणजे लबाडीचं हत्यार झालं की नाही?

होतं, नाकारत नाही. पण त्यावर उपाय म्हणून नुसतं ‘१,००० कोटी’ लिहिणं मला पटत नाही. ज्याला फसवायचं आहे त्याला न कळणारा आकडा तर हवाच असतो. माझी कसोटी अशी : भाजक त्या गोष्टीच्या स्वभावातच असला पाहिजे. पाणी माणूस रोज वापरतो, म्हणून माणशी-रोज हा भागाकार पाण्याला नैसर्गिक आहे. प्रकल्पाचे पैसे कोणी रोज पाच-पाच रुपये भरत नाही. ते पालिकेच्या एका वर्षाच्या किंवा दोन-तीन वर्षांच्या अंदाजपत्रकातून जातात, म्हणून त्याचा भाजक अंदाजपत्रक. ‘या वर्षीच्या दर शंभर रुपयांतले इतके रुपये’ असं सांगा, मग उरलेल्या रुपयांत काय काय भागवायचं आहे हा प्रश्न आपोआप समोर येतो. आणि दुसरी अट : भागाकार उघडा ठेवा. स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत का होईना, भाज्य, भाजक आणि दोन्ही कुठून घेतले ते लिहा. ज्याला भांडायचं आहे त्याला भांडायला जागा हवी.

दादाभाई नौरोजींनी नेमकं हेच केलं होतं. १८७६मध्ये मुंबईत वाचलेल्या हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरच्या निबंधात त्यांनी प्रांताप्रांतातलं पीक, त्याचे भाव आणि इतर उत्पन्न यांची बेरीज मांडली. बेरीज कोट्यवधींची होती आणि तेवढ्यावर थांबले असते तर इंग्लंडमधल्या लोकांना हिंदुस्थान गडगंज वाटला असता, आधीच वाटत होता. त्यांनी ती बेरीज लोकसंख्येने भागली. माणशी वर्षाला २० रुपये. पण २० रुपये कमी की जास्त हे कसं ठरवायचं? तिथे त्यांनी तुलना आणली, आणि ती सरकारच्याच वहीतून आणली : तुरुंगातल्या कैद्याला अन्नवस्त्रासाठी सरकार किती खर्च करतं. गुन्हेगाराला जेवढं मिळतं तेवढंही देशातल्या सरासरी माणसाच्या वाट्याला पुरतं येत नाही, असा निष्कर्ष निघाला. एखादा वक्ता इथे भिकाऱ्यांच्या रांगेची उपमा देऊन मोकळा झाला असता. दादाभाईंनी असा भाजक आणि असं माप निवडलं की ते नाकारायला सरकारला स्वतःचे तुरुंगाचे हिशेब नाकारावे लागले असते. इंडिया ऑफिसातल्या डॅनव्हर्स यांनी पुढे त्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतलेच, आणि दादाभाईंनी त्यांना सविस्तर उत्तरही दिलं. वाद झाला, पण आकड्यांवर झाला, कारण पायऱ्या सगळ्या उघड्या होत्या.

पायऱ्यांवरून आर्किमिडीज आठवतो. विश्व वाळूने भरायचं तर किती कण लागतील, हा प्रश्न त्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात राजा गेलॉनला उद्देशून लिहिलेल्या छोट्या ग्रंथात घेतला. उत्तर एकावर त्रेसष्ट शून्यांच्या घरात जातं. पण तो सुरुवात कुठून करतो? खसखशीपासून. खसखशीच्या एका दाण्यात वाळूचे दहा हजारांहून जास्त कण मावणार नाहीत. बोटाच्या रुंदीत चाळीसहून जास्त दाणे बसणार नाहीत. मग बोटाएवढ्या रुंदीचा गोळा, मग त्याच्या शंभरपट रुंद गोळा, असं करत करत ताऱ्यांपर्यंत. कुठलीच पायरी उडी मारून गाठायची नाही. खसखस आपल्याही डब्यात असते. अनारशाला लावताना बोटाच्या रुंदीत ओळीने दाणे ठेवून मोजा, चाळीसहून जास्त बसत नाहीत हे पटेल. फार मोठ्या आकड्याला एकच तुलना पुरत नाही, अशा वेळी ही शिडी लागते. धरणाच्या आकड्याला मात्र शिडीची गरज नसते, एक नीट भागाकार पुरतो. आमच्या स्लाइडवर शिडी घातली असती तर ती नाकापेक्षा मोती जड झाली असती.

दुसऱ्या स्लाइडचा भाजक माणूस होता. इथे शहराची सरासरी मी मुद्दाम टाळली. ४५० दशलक्ष लिटर भागिले २०११ची लोकसंख्या म्हणजे माणशी ४०० लिटर; पण लोकसंख्या त्यानंतर वाढली, त्या पाण्यात दुकानं, कार्यालयं, रुग्णालयं, बागा, गळती सगळं येतं, आणि सरासरीत दिवसभर नळ असलेली सोसायटी आणि दोन तासांवर भागवणारी वस्ती एकमेकांत विरघळून जातात. असा आकडा दाखवला की तो कोणाचाच नसतो. त्याऐवजी सोसायटीचं पाणीबिल काढलं. महिन्याचा वापर २,३४० घनमीटर, म्हणजे रोज ७८ हजार लिटर. घरं ९६, माणसं ३८४. माणशी रोज २०३ लिटर. केंद्राच्या नियमावलीत भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी माणशी १३५ लिटर धरतात, मोठ्या महानगरांसाठी १५०. वीस लिटरच्या बादलीने मोजलं तर १३५ म्हणजे पावणेसात बादल्या, आणि आम्ही वापरत होतो दहा.

पडद्यावर पावणेसात आणि दहा बादल्या शेजारी शेजारी काढल्या आणि खाली एकच ओळ : ‘या सव्वातीन बादल्या कुठे जातात?’ आधीच्या सभांतून दर वेळी पाणी वाचवण्यावर भाषण व्हायचं आणि माना डोलावून सगळे घरी जायचे. या वेळी लोक चिडले. आमच्या घरी तर कोणी दहा बादल्या वापरत नाही, सकाळी सहाला नोकरीला जातो आम्ही, असं पहिल्या मजल्यावरचे एक जण म्हणाले. मग कोण वापरतं? ३८४ माणसांच्या या जास्तीच्या बादल्या म्हणजे रोजचं २६ हजार लिटर, दहा हजार लिटरचे अडीच टँकर भरून उरतील एवढं. घरात नाही तर इमारतीत कुठेतरी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला काका, मी आणि वॉचमन गच्चीवर गेलो. बी विंगच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता. खाली पंप चालू आणि वर ओव्हरफ्लोच्या पाइपातून मनगटाएवढी धार सरळ पावसाळी नळीत. भिंतीवर हिरवं शेवाळ इतकं जाड की ते महिन्याभराचं नव्हतं हे कोणीही सांगितलं असतं. व्हॉल्व्ह बदलला, सकाळच्या पंपाची वेळ कमी केली. दोन महिन्यांनी हिशेब साडेआठ बादल्यांवर आला. उरलेल्या पावणेदोन अजून सापडलेल्या नाहीत. फ्लशच्या टाक्यांवर माझा संशय आहे.

‘७६,३५६ तलाव’ ही स्लाइड दाखवली असती तर आम्ही गच्चीवर गेलो असतो का? आणि नुसतं ‘१९०.८९’ दाखवलं असतं तर? ताईने हे मोठ्या मनाने मान्य केलं, वर बादल्यांची चित्रं तिनेच काढून दिली, आणि ती तलावांपेक्षा कितीतरी चांगली होती. काकांनी मात्र दोन्ही स्लाइड्सच्या कोपऱ्यात मूळ आकडा राहिलाच पाहिजे ही अट घातली. ती मी आनंदाने मानली, कारण ज्या अभियंत्याला पंपाचं गणित करायचं आहे त्याला बादली चालत नाही, त्याला घनमीटरच हवा.

लिफ्टशेजारच्या फळ्यावर आता खडूने लिहिलेलं असतं : ‘१ ऑक्टोबरला धरण अर्धं असेल तर पाणी ३० एप्रिलपर्यंत.’ त्याखाली काकांच्या तिरप्या अक्षरात, बारीक : ‘मृतसाठा व बाष्पीभवन वजा केलेले नाही.’